कॅफोसाहेबांचे पत्र

जिल्हा परिषदेचे मुख्य लेखा व वित्त अधिकारी, म्हणजे आमचे कॅफोसाहेब, एरवी टिपणीवर 'चर्चा करावी' एवढेच लिहितात. पण फेब्रुवारीत मागण्यांना कात्री लावून झाली की खातेप्रमुखांना पत्र लिहिताना त्यांच्यातला साहित्यिक जागा होतो.

सुरुवात सहानुभूतीने. 'आपल्या मागणीचा साकल्याने विचार करण्यात आला.' हे वाचले की जुना खातेप्रमुख पुढचे न वाचताच खुर्चीत मागे रेलतो. पैसे गेले!

मग हिशेब. स्वउत्पन्न 18 कोटी. त्यातले 20 टक्के समाजकल्याणला, 10 महिला व बालकल्याणला, 5 दिव्यांगांना. त्याला हात लावता येत नाही. म्हणजे 6 कोटी 30 लाख वरच्यावर गेले. गेल्या वर्षी सुरू झालेल्या कामांची देणी 5 कोटी. उरले 6 कोटी 70 लाख आणि बाकी खात्यांच्या मागण्या 22 कोटींच्या. त्यात व्याज आटलेले. केंद्राच्या योजनांचे पैसे पूर्वी आपल्या खात्यात मुक्कामाला असत, त्यावर व्याज मिळे. 2021 पासून ते त्या-त्या योजनेच्या राज्यस्तरीय एकाच नोडल खात्यात बसू लागले आणि व्याजही सरकारकडे जाऊ लागले. हा परिच्छेद साहेब घरचे माणूस गेल्यासारखा लिहितात.

खरी लेखणी चालते ती एकेका खात्यावर. पशुसंवर्धनने 60 लाख मागितले होते. साहेबांनी लिहिले, 'गतवर्षीच्या 40 लाखांच्या तरतुदीपैकी जानेवारीअखेर 11 लाख खर्ची पडले. यावरून जिल्ह्यातील पशुधनाची प्रकृती उत्तम असल्याचे दिसून येते, ही समाधानाची बाब आहे. सबब 20 लाख प्रस्तावित.' औषधखरेदीच्या निविदेला दोनदा एकच ठेकेदार आला म्हणून खर्च अडला, हे साहेबांना पक्के ठाऊक होते. त्या फाइलवरची हरकत त्यांचीच होती. पण अखर्चित रक्कम दिसली की ते कारण विचारत नाहीत. माझ्या मते यात थोडा अन्याय आहे, पण कारणे ऐकत बसले तर अंदाजपत्रक दिवाळीत मंजूर होईल.

पत्र मिळताच पशुसंवर्धन अधिकारी तावातावाने केबिनमध्ये आले. "साहेब, गुरांनी काय करायचं?"

"सुधारित अंदाजपत्रकात बघू. आधी जुनं संपवा. आणि 31 मार्चला बिलं घेऊन येऊ नका."

दहा मिनिटे वाद झाला, चहा झाला. अधिकारी तोंड पाडून बाहेर आले आणि जिन्यावर कारकुनाला म्हणाले, "18 लाखांत भागत होतं रे."

आत साहेबांनी डायरी उघडली आणि पुढच्या वर्षाच्या पानावर पेन्सिलीने लिहिले: 'पशुसंवर्धन. 70 मागतील.'