बापूचं जॉब-कार्ड

कुपवाडात मित्राला ‘दवाखान्यात सोबत येतोस का?’ असं विचारण्यात एकच धोका आहे. तो ‘हो’ म्हणतो. कसला आजार, कुठला डॉक्टर, किती वेळ, काहीही न विचारता हो म्हणतो. मग ठरल्या दिवशी तो येतो, त्याचा मेहुणा येतो, मेहुण्याच्या ओळखीचा एक कंपाउंडर येतो आणि सगळे मिळून खाली चहाला जातात. वर नर्स ‘पेशंटचं कोण आहे?’ म्हणून ओरडत असते, तेव्हा पेशंटचं कुणीच नसतं.

माझं हिमोग्लोबिन कमी निघालं आणि शौचाच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली, म्हणजे मागच्या दाराने कॅमेरा घालून मोठं आतडं बघायचं. झोपेचं इंजेक्शन देणार, तेव्हा सोबत जबाबदार माणूस हवाच, त्याशिवाय हातच लावणार नाही, असंही बजावलं. बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला. राहिला बापू.

बापूचं एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप होतं. आता मुलगा बघतो, तरी बापू रोज जाऊन त्याच्या चुका काढतो. मी त्याला म्हटलं, “मंगळवारी मिरजेला माझ्यासोबत ये.”

“सोबत म्हणजे काय करायचं?” बापू म्हणाला. “मर्दा, आमच्याकडं ‘एक शाफ्ट करून दे’ म्हणत कुणी आला, तर त्याला आम्ही परत लावतो. ड्रॉइंग आण म्हणतो. जॉब-कार्ड दे मला.”

उभ्या आयुष्यात बापूचं मला इतकं कधी पटलं नव्हतं. मी कागद घेऊन बसलो.

पहिलं काम आदल्या रात्रीचं. आतडं साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात कालवून निम्मी रात्री आणि निम्मी पहाटे प्यायची असते. चव अशी की समुद्रात कुणीतरी लिंबू पिळलंय. शेवटी बाहेर पडणारं पाणी फिकट पिवळं आणि आरपार दिसेल असं झालं, की तयारी पुरी. गढूळ असेल तर डॉक्टरांना भिंत दिसत नाही आणि सगळा खटाटोप पुन्हा. “यात मी काय करू?” बापू म्हणाला. मी म्हटलं, “रात्री दहाला फोन कर. उचलला नाही तर ये, कारण सारखं जाऊन-येऊन चक्कर येऊ शकते. आणि भडंग घेऊन येऊ नकोस.” हे लिहून द्यावंच लागलं. बापू कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाही, आणि शेंगदाणे, बिया, साली आतड्यात चिकटून बसतात. कोकम सरबतही नको, कॅमेऱ्यात तो लाल रंग रक्तासारखा दिसतो. नारळपाणी चालेल.

दुसऱ्या कामावर वाद झाला. बापूला मला स्कूटरवरून आणायचं होतं. इंजेक्शनची गुंगी उतरली असं वाटलं तरी पुरती उतरलेली नसते, असा माणूस मागच्या सीटवरून कधी घसरेल सांगता येत नाही, हे मी समजावलं. “गमछानं माझ्या कमरेला बांधतो की,” बापू म्हणाला. जाताना स्कूटर, येताना रिक्षा, यावर तह झाला. स्कूटर परत कशी आणायची, ही अडचण बापूची.

बाहेर बसून माझी कवळी, चष्मा आणि मोबाइल सांभाळायचा, हे त्याने निमूट मान्य केलं. कवळीसाठी घरून स्टीलची डबी आणली.

सहीचं मात्र त्याला फार अप्रूप. नातेवाईक म्हणून सही करायला मिळते म्हणून तो पेन घेऊन तयारच होता. मी म्हटलं, “शुद्धीत असलेल्या सज्ञान पेशंटची संमती त्याची त्यानेच द्यायची. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. पेशंट भुलीखाली, आणि संमती आईची घेतलेली, ती चालली नाही. तिथे तू कोण?” बापू जरा हिरमुसला. ‘सोबतचा माणूस’ या रकान्यात तुझं नाव आणि फोन नंबर लिही म्हटल्यावर खुलला.

खरं काम पुढेच होतं. या झोपेच्या औषधाची खोड अशी, की ते आठवण पुसतं. माणूस उठून बसतो, डॉक्टरांशी शहाण्यासारखं बोलतो, मान हलवतो, आणि तासाभराने त्याला त्यातलं काही आठवत नाही. डॉक्टर नेमकं त्याच वेळी सगळं सांगतात. म्हणून मी कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘डॉक्टर बोलतील ते तू ऐक. मी ‘कळलं’ म्हणालो तरी विश्वास ठेवू नकोस. काय सापडलं, काय काढलं, तपासणीला काय पाठवलं, रिपोर्ट कधी, आठवडाभर बंद ठेवलेली लोहाची गोळी कधी सुरू करायची, हे लिहून घे.’ खाली आणखी एक ओळ: ‘पोट फुगणार, वारा सरणार, त्यावर विनोद चालतील. पण पोटात जोराची कळ, ताप किंवा बरंच रक्त गेलं, तर विनोद थांबवून मला परत न्यायचं.’ आणि २४ तास मी गाडी चालवायची नाही, कुठल्या महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, यावर लक्ष ठेवायचं.

“आणि कट्ट्यावर काय सांगू?” बापूने विचारलं. कट्ट्यावर ‘आतड्याची तपासणी’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत लोक सफरचंदं घेऊन दारात. मी म्हटलं, “मिरजेला गेलाय म्हणून सांग.” वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली तिथे मिशनचं हॉस्पिटल काढल्यापासून आजारी माणूस मिरजेला जातोच, पण रेल्वे धरायलाही मिरजेलाच जातात आणि तंबोरा घ्यायलाही. मी तंबोरा घ्यायला गेलो, असाच लोकांचा समज झाला म्हणे. माझा आवाज ठाऊक असलेल्यांना जास्त काळजी वाटली.

मंगळवारी सगळं कार्डाप्रमाणे झालं. मला आठवतं ते एवढंच, की मी डाव्या कुशीवर वळलो आणि लगेच रिक्षात होतो. मधे डॉक्टर भेटलेच नाहीत, अशी मी तक्रार केली. बापूने खिशातून कागद काढला.

‘आतल्या भिंतीवर एक कोंब. मापाने ८ मिलिमीटर, देठ आहे. तारेच्या फासाने कापून काढला. तुकडा तपासणीला पाठवला, रिपोर्ट आठवड्याने. दिसायला वाईट वाटत नाही, पण रिपोर्टशिवाय काही बोलणार नाही म्हणाले. पुढचा कॅमेरा कधी, तेही रिपोर्ट बघून. लोहाची गोळी उद्यापासून. पेशंटने डॉक्टरांना तीनदा नमस्कार केला आणि हे यंत्र किती अश्वशक्तीचं, असं विचारलं.’

“हे शेवटचं मी विचारलं?”

“तू विचारलंस. प्रश्न मात्र चांगला होता.” ८ मिलिमीटर म्हणजे केवढं, ते दाखवायला त्याने व्हर्नियरही आणला होता. रिक्षा हलत असताना त्याने तो उघडून माझ्या नाकासमोर धरला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि वेग कमी केला.

संध्याकाळपर्यंत तो हलला नाही. मला खिचडी घातली, बँकेचा माणूस केवायसीचा फॉर्म घेऊन आला त्याला ‘आज सही चालत नाही’ म्हणून दारातूनच वाटेला लावलं, आणि माझं पोट वाजेल तेव्हा कागदावर वेळ टिपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापू पुन्हा हजर. घड्याळ पाहून त्याने २४ तास झाल्याची खात्री करून घेतली, मला आजची तारीख, वार आणि पंतप्रधानांचं नाव विचारलं, उत्तरं बरोबर आल्यावर पिशवीतून पतसंस्थेचा कर्जाचा फॉर्म काढला. जामीनदाराच्या रकान्यात पेन्सिलीने फुली आधीच मारून ठेवलेली होती.