नानांची सूचना

आमच्या सोसायटीत दिवाळी लागते ती फलकावर नानांची सूचना लागल्यावर. नाना म्हणजे आमचे सेक्रेटरी. सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. त्यामुळे ‘माळा जपून लावा’ एवढ्या मजकुरालाही जावक क्रमांक पडतो, ‘सबब’ने सुरुवात होते आणि शेवटी ‘याची सर्व सभासदांनी गांभीर्याने नोंद घ्यावी’ येतं.

यंदाची सूचना अशी : सजावट वसुबारसेआधीच्या रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत करावी. दुपारी १ ते ४ खिळे ठोकू नयेत. रोषणाई सायंकाळी ६.३० ते रात्री ११. प्रत्येक सभासदाने ४० वॅटपेक्षा जास्त वीज वापरू नये. सर्व सजावट भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंत काढावी.

गॅलरीतली माळ ज्याच्या त्याच्या मीटरवर चालते, तिथे सोसायटीचा काय संबंध, हे नानांना विचारायची सोय नाही. सोसायटीच्या मीटरवर येतात त्या फक्त जिन्यातल्या प्लगला लावलेल्या माळा आणि फाटकावरची रोषणाई. त्यातून हल्लीच्या एलइडी माळेला लागतात साधारण दहा वॅट. रोज सहा तास, दहा दिवस लावली तरी पुरतं एक युनिटही होत नाही, ०.६ वर काटा थांबतो. उलट कमिटीने रांगोळी स्पर्धेसाठी ५०० वॅटचा हॅलोजन चार तास जाळला, त्यात दोन युनिटं गेली. तीन बिऱ्हाडांची अख्खी दिवाळी त्या दिव्याने एका संध्याकाळी गिळली. पण तो दिवा ठरावाने मंजूर होता.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी परतीच्या पावसाची एक सर आली आणि जिना, पार्किंग, फाटक सगळीकडे गुडुप अंधार झाला. नानांचा चेहरा दिसत नव्हता, पण आनंद ऐकू येत होता. “सांगत होतो! लोड! कुणीतरी चाळीसच्या वर गेलंय!” हातात बॅटरी आणि सूचनेची प्रत घेऊन ते मजल्यामजल्यावर वॅट मोजत निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा जुन्या बल्बचा कंदील त्यांनी जवळजवळ जप्तच केला होता.

तेवढ्यात वायरमन आला. विशीतला पोरगा. त्याने मीटरच्या खोलीतली पेटी उघडली आणि म्हणाला, “काका, एमसीबी सगळे वरच आहेत. लोड झाला असता तर यातला एखादा पडला असता. पडलाय तो आरसीसीबी. म्हणजे कुठेतरी करंट गळतोय.” तीस मिलिअँपियर गळती झाली की तो खटका पडतो. म्हणजे जेमतेम सात वॅट हो. तिथे चाळीस वॅटांचा हिशेब काय कामाचा!

मग त्याने सगळ्या माळांचे प्लग काढायला लावले, खटका वर केला आणि एकेक प्लग परत लावत गेला. पहिला मजला ठीक. दुसरा ठीक. आजींचा कंदीलही ठीक. फाटकावरची माळ लावली आणि खाट्‌! पुन्हा अंधार. ती माळ सोसायटीची होती. तिचा जोड नानांनी स्वतः, खर्चात बचत म्हणून, पाकिटं चिकटवायच्या चिकटपट्टीने गुंडाळला होता आणि त्यात पावसाचं पाणी शिरलं होतं.

नाना क्षणभर गप्प झाले. दुसऱ्या दिवशी फलकावर शुद्धिपत्रक क्र. १ : ‘उघड्यावरील जोड सभासदांनी वायरमनकडूनच करून घ्यावेत.’ सभासदांनी!

काढण्याच्या तारखेचं मात्र वेगळंच झालं. पहिल्या मजल्यावरून हरकत आली की तुळशीचं लग्न व्हायचंय, कंदील कसा उतरवायचा? तेही कार्तिकी द्वादशीला, की पौर्णिमेपर्यंत कधीही? शुद्धिपत्रक क्र. २ने त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली. मग चौथ्या मजल्यावरच्या मालवणच्या काकू उतरल्या. “आमची देवदिवाळी मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी. त्याआधी कंदील उतरवायचा नाही.” पाचव्या मजल्यावरचे फर्नांडिस म्हणाले, “मग एवढं थांबलाय तर माझा नाताळचा ताराही त्याच खिळ्याला टांगतो.” त्यांच्याकडे नानांनी नुसतं पाहिलं.

पौर्णिमा उलटली तशी नाना स्टूल घेऊन काकूंच्या दारात गेले. काकूंनी स्टूल आत घेतलं, नानांना त्यावर बसवलं आणि समोर घावन-चटणी ठेवली. दुसऱ्या घावनाला नाना म्हणाले, “हे बघा, तोंडी मुदतवाढ देता येत नाही. लेखी अर्ज लागतो.” काकू म्हणाल्या, “मला कुठे लिहिता येतंय तुमच्यासारखं!” हे ऐकताच नानांनी खिशातून पेन काढलं. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करते की…’ असा झकास अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला, काकूंची सही घेतली, कोपऱ्यात ‘विशेष बाब म्हणून मंजूर’ असा शेरा मारला आणि तिसरं घावन मागितलं.