अंगठ्याखालची मोहरी

भाच्याचा मधाचा धंदा आहे. म्हणजे मधमाश्या त्याच्या नाहीत, पेट्या त्याच्या नाहीत, फुलं तर नाहीतच. लेबल मात्र त्याचं आहे. लेबलावर डोंगर, डोंगरावर धुकं आणि धुक्याखाली ‘सह्याद्रीच्या दाट जंगलातला कच्चा मध’ अशी ओळ. परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला.

“मामा, एक झकास कमेंट आलीय!”

झकास म्हणजे कौतुकाची असणार, असं मला वाटलं. कमेंट अशी होती : ‘बाटली खालून पांढरी झालीये, चमचा आत जात नाही. साखर टाकता का राव?’

मी सांत्वनाला सुरुवात करणार तेवढ्यात कळलं, की माणूस आनंदात आहे. शंका घेणारं गिऱ्हाईक हे आता संकट राहिलेलं नाही, तो कच्चा माल आहे. कमेंटचा चौकोन पडद्यावर चिकटवायचा आणि त्याखाली मालकाने स्वतः उभं राहून उत्तर द्यायचं. आपणहून ‘आमचा मध शुद्ध आहे’ म्हटलं की जाहिरात होते; कुणीतरी ‘शुद्ध आहे का?’ विचारल्यावर तेच वाक्य म्हटलं की खुलासा होतो. खुलाशावर लोकांचा विश्वास बसतो. मी मराठीत चार शब्द लिहितो, तेव्हा स्क्रिप्ट मी लिहायची असं ठरलं होतं. ते मला शेवटी कळलं.

शंकाही कुठलीही चालत नाही, बरं का. त्या आठवड्यात अकरा आल्या होत्या. ‘पार्सल कधी येणार?’ हिला व्हिडिओ नाही. ‘पाचशे ग्रॅम म्हणता आणि बाटली एवढीशी?’ हिला उत्तर होतं, कारण मध पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असतो आणि अर्धा किलो मध साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास मावतो. पण त्यात मालकाच्या चेहऱ्याला वाव नाही. ‘कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तुमचा कारवीचा मध दर महिन्याला कसा येतो?’ ही शंका मला फार आवडली. भाच्याने तीवरून बोट इतक्या हळुवारपणे सरकवलं, की झोपलेल्या बाळावरून दुलई सारावी.

पांढऱ्या बाटलीची निवडली. शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवायच्या ठरल्या, कारण चुका असल्या की कमेंट खरी वाटते. इथे ती खरीच होती, हा भाग वेगळा.

मी आज्ञाधारकपणे पहिला खर्डा लिहिला. मधात मुख्यतः दोन साखरा असतात, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, आणि पाणी जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा. एवढ्याशा पाण्यात एवढी साखर निसर्गाने दाटीवाटीने बसवलेली असते. त्यातलं ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतं, म्हणून थंडी पडली की तेच आधी बाहेर पडून त्याचे रवे होतात. चौदा अंशांच्या आसपास हे काम सर्वांत जोरात चालतं. ज्या फुलांच्या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त, तो लवकर बसतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होते, फक्त उकळायची नाही. म्हणून मध रवाळ होणं हा भेसळीचा पुरावा नव्हे. आणि खरं सांगायचं तर शुद्धतेचाही नव्हे, कारण पाकालासुद्धा साखर धरते. दिवाळीत बायको जास्त उकळलेल्या पाकाकडे बघून जे बोलते, ते मी स्क्रिप्टमध्ये घेतलं नाही.

शेवटची ओळ मी मोठ्या अभिमानाने लिहिली होती : ‘आता आमचा मध इतक्या लवकर का बसला? कारण तो अमुक फुलांचा आहे.’ अमुकच्या जागी काय घालायचं, हे विचारायला फोन केला.

पलीकडे शांतता. मग म्हणाला, “मोहरी.”

“सह्याद्रीत मोहरीचं जंगल कुठंय?”

“भरतपूरकडचा आहे, मामा. पेट्यांवरचा. ड्रमने येतो. माल एकदम चोख आहे, पण!”

आणि माल खरोखर चोख होता. राजस्थानात हिवाळ्यात मोहरीची शेतं पिवळीधमक होतात, मधपाळ पेट्या घेऊन तिथे मुक्कामाला जातात आणि तो मध काढल्यावर काही आठवड्यांत तुपासारखा बसतो, ही जगजाहीर गोष्ट आहे. म्हणजे पेच काय झाला, पाहा. गिऱ्हाइकाच्या शंकेचं खरं उत्तर दिलं तर मध निर्दोष सुटतो आणि लेबल अडकतं. खोटं उत्तर दिलं तर लेबल वाचतं. इतक्या वर्षांत इतका अब्रुदार आरोपी मी पाहिला नव्हता, ज्याला सोडवायला वकीलच तयार नाही.

“तू विज्ञान ठेवच नको,” भाचा म्हणाला. “तीन सेकंदांत काहीतरी दिसलं पाहिजे, नाहीतर लोक वर सरकतात. पाण्याचा ग्लास घे.”

तर दुसरा खर्डा, जो प्रत्यक्षात चित्रित झाला, तो असा. पहिले तीन सेकंद : भाचा कमेंटकडे बोट दाखवतो. ‘ही कमेंट वाचून मला राग नाही आला, आनंद झाला.’ (इथे अर्धा सेकंद हसणे.) मग ग्लासात मधाचा थेंब. थेंब तळाशी जातो. ‘भेसळीचा असता तर विरघळला असता!’ मग अंगठ्यावर थेंब. थेंब ओघळत नाही. मग काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटवायची. ती पेटली की सुटकेचं संगीत.

काडी पहिल्यांदा पेटली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी त्याने ती शर्टाला पुसून घेतली आणि ती भुर्रकन पेटली. पहिल्या दोन काड्या शुद्ध मधाच्या होत्या आणि तिसरी शर्टाची, पण व्हिडिओत तिसरीच आहे.

मला राहवेना. स्वयंपाकघरात काकवीची बाटली होती, कोल्हापूरहून आणलेली. मी ग्लासात काकवीचा थेंब सोडला. थेट तळाशी. अंगठ्यावर ठेवला. मुनीसारखा बसून राहिला. या न्यायाने काकवी हा महाराष्ट्रातला सर्वांत शुद्ध मध ठरला. कारण या सगळ्या परीक्षा एकच गोष्ट विचारतात : द्रव दाट आहे का आणि त्यात पाणी किती? साखर कुठून आली, माशीकडून की कारखान्याकडून, हे ग्लासाला कळत नाही. पूर्वी मधात पाणी घालणारा भाबडा भेसळखोर होता, तेव्हा ग्लासाची काही मातब्बरी असेल. आताचा भेसळखोर प्रयोगशाळेची प्रश्नपत्रिका आधी वाचून येतो. ऊस आणि मक्याची साखर ओळखणारी चाचणी आली, तर त्याने तांदळाचा पाक आणला, जो त्या चाचणीला दिसतच नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने बाजारातल्या तेरा ब्रँडांचा मध जर्मनीत पाठवून एनएमआर नावाच्या चाचणीवर घासला, तेव्हा दहा नापास निघाले. कंपन्यांनी अर्थातच ते नाकारलं. आणि आमचे शास्त्रज्ञ काड्या पेटवत बसले आहेत.

“मग प्रयोगशाळेचा रिपोर्ट दाखव ना,” मी म्हटलं. “तुझ्याकडे आहे?”

होता. भाच्याचं मला खरंच कौतुक वाटलं. रिपोर्टात पाण्याचं प्रमाण होतं, नियमाच्या वीस टक्क्यांच्या आत. फ्रुक्टोज-ग्लुकोजचं प्रमाण होतं. उसाच्या साखरेची चाचणी उत्तीर्ण. सगळं उत्तम. आणि खाली एक ओळ परागकणांची होती. मधात त्या-त्या फुलांचे परागकण राहतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखू येतात आणि मध कुठल्या झाडोऱ्यातून आला ते सांगून मोकळे होतात. ओळ म्हणत होती : मुख्यतः मोहरी.

व्हिडिओत रिपोर्ट आहे. सव्वा सेकंद आहे. भाच्याने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आहे, जसं दहावीचं प्रगतिपुस्तक धरतात, आणि उजवा अंगठा नेमका त्या ओळीवर आहे. डाव्या अंगठ्याखाली बॅच क्रमांक आहे, कारण रिपोर्ट मागच्या वर्षीच्या ड्रमचा आणि गिऱ्हाइकाची बाटली यंदाची. रिपोर्ट हा त्यात लिहिलेल्या बॅचबद्दल आणि आलेल्या नमुन्याबद्दल बोलतो, पुढच्या सर्व पिढ्यांबद्दल नाही. पण ज्या अंगठ्यावर थेंब ओघळला नाही, त्याच अंगठ्याने मोहरी झाकली, हा योगायोग मला शुभ वाटला.

“ही फसवी जाहिरात होते रे,” मी शेवटचा प्रयत्न केला. २०२२ च्या जूनमध्ये केंद्राने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, माध्यम कुठलंही असो. पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

“जाहिरात कुठंय, मामा? हे तर उत्तर आहे. त्याने विचारलं, मी सांगितलं.”

मी त्याला तिसरा खर्डाही दिला होता, आठ ओळींचा. ‘साखर नाही. मोहरीचा मध आहे, राजस्थानातून येतो, म्हणून असा बसतो. लेबल आम्ही बदलतो आहोत. हा तुमच्या बॅचचा रिपोर्ट. बाटली कोमट पाण्यात ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका.’ भाच्याने तो दोनदा वाचला. “छान आहे,” म्हणाला, “पण यात आपण दिसतच नाही.”

दुसरा खर्डा रविवारी सकाळी लावला. दुपारपर्यंत अडीचशे बदाम आले, सतरा जणांनी ‘दादा, तुमच्यावर विश्वास आहे’ लिहिलं आणि नऊ बाटल्या गेल्या. ताईने, म्हणजे त्याच्या आईने, कुटुंबाच्या ग्रुपवर फुलं टाकली.

संध्याकाळी मूळ शंकेखोर पुन्हा आला. पांढऱ्या बाटलीवालाच. त्याने लिहिलं : ‘व्हिडिओ बघितला. साखर नसणार, पटलं. माझा मेहुणा जयपूरला असतो, त्याच्याकडचा मोहरीचा मध सेम असाच बसतो, चवही तीच. तुमचा पण मोहरीचाच आहे ना?’

रात्री साडेदहाला फोन. या वेळी ‘झकास’ नव्हतं.

“मामा, याला काय करू?”

“उत्तर दे. पहिला खर्डा आहे माझ्याकडे.”

तो ‘बघतो’ म्हणाला. सकाळी मी पाहिलं. त्या कमेंटला एक लाल बदाम लागला होता. उत्तर अजून यायचं आहे.