बिबट्याचा पास

लिपिक : भाऊसाहेब, नकाशा उघडला तर बोरिवली आणि ठाणे एकमेकांना पाठ लावून बसलेली दिसतात आणि मध्ये केवळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, असे असताना आधी दादरपर्यंत जायचे, तेथून पुन्हा तितकेच अंतर ठाण्याकडे यायचे आणि जवळजवळ 50 किलोमीटर रूळ घासायचे, हा द्राविडी प्राणायाम कोणत्या शहाण्याने करावा?

अव्वल कारकून : नकाशावरचे ते अंतर बिबट्यासाठी आहे. तो बोरिवलीच्या बाजूने निघतो, डोंगर ओलांडतो आणि येऊरला उतरतो. त्याला पास लागत नाही आणि मस्टरवर सही करावी लागत नाही. कारकुनाच्या नशिबी वळसाच आहे, आणि तो उत्तरेकडून घ्यावा की दक्षिणेकडून, एवढाच काय तो प्रश्न आहे.

उत्तरेचा वळसा म्हणजे एसटीचा, म्हणजे दहिसर, काशिमीरा, घोडबंदर, गायमुख, कासारवडवली आणि माजिवडा अशा क्रमाने ठाण्यात शिरणारा, सुमारे 25 किलोमीटरांचा. आणि दक्षिणेचा वळसा म्हणजे पश्चिम रेल्वेने दादर व तेथून पूल ओलांडून मध्य रेल्वेने ठाणे असा.

लिपिक : एसटीच्या मासिक पासात 20 दिवसांचे भाडे भरले की 30 दिवस प्रवास करता येतो, म्हणजे 10 दिवस फुकट. याहून उदार योजना कोणती?

अव्वल कारकून : हे 10 दिवस कोणते, ते पाहावे. राज्य शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. महिन्यात कामाचे दिवस 21 किंवा 22 येतात, त्यातून एखादा सण आणि एखादी नैमित्तिक रजा गेली की हाती 20 उरतात. म्हणजे भरलेले भाडेही 20 दिवसांचे आणि केलेला प्रवासही 20 दिवसांचा. फुकटचे 10 दिवस शनिवार-रविवारी येतात, आणि त्या दिवशी ठाण्याला कार्यालय पाहायला कोणी जात नाही.

लिपिक : रेल्वे तरी कोणते दान करते?

अव्वल कारकून : उपनगरी लोकलच्या दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण वीस-एकवीस एकेरी तिकिटांच्या किमतीत पडतो, म्हणजे जाऊन-येऊन 10 दिवसांच्या, अकराव्या दिवसापासून प्रवास खरोखर फुकट. ‘व्हाया दादर’ छापलेला ठाण्याचा पास सव्वातीनशे रुपयांच्या आत मिळतो, आणि एसटीचा पास त्याच्या कित्येक पट होतो. शिवाय एसटीचा पास एसटीतच चालतो. ठाणे परिवहनची रिकामी बस समोर येऊन थांबली तरी पासधारक तिच्याकडे पाहून उभा राहतो, कारण तिच्यात चढले तर तिकीट वेगळे काढावे लागते. बिबट्याला अशी निष्ठा परवडते, कारण त्याला वेळेचे बंधन नाही.

लिपिक : बिबट्या निदान दादरला गाडी बदलत नाही! पैसे वाचवण्यासाठी माणसाने वेळ किती घालवायचा? बस चांगली धावली तर सव्वा तासात ठाणे. लोकलने दादरपर्यंत 40 मिनिटे, पूल आणि गर्दी यांची 15 आणि पुढे ठाण्यापर्यंत 40. झाली 95 मिनिटे.

अव्वल कारकून : ‘चांगली धावली तर’ या तीन शब्दांतच सगळे आले. सही पावणेदहाला करायची असते, आणि ती सरासरी वेळेवर होत नाही, त्या दिवसाच्या वेळेवर होते. गायमुखच्या घाटात एखादा ट्रेलर आडवा झाला की उरण-न्हावाशेव्याकडून गुजरातेकडे जाणारी आणि तिकडून येणारी सगळी अवजड वाहने त्याच्यामागे उभी राहतात, आणि सव्वा तासाची बस अडीच तासांची होते. असे कधी होईल ते घरून निघताना कळत नाही. म्हणून लेट मार्क टाळायचा असेल तर रोज सव्वासातलाच निघावे लागते, आणि ज्या दिवशी रस्ता मोकळा मिळतो त्या दिवशी कारकून साडेआठला कार्यालयाच्या कुलपासमोर उभा असतो. लोकलचा उशीर बहुधा पंधरा-वीस मिनिटांचा. 95 मध्ये 20 मिळवले तरी पावणेआठला निघून चालते. म्हणजे कागदावर जी बस 20 मिनिटे लवकर पोहोचते, तिच्यासाठी अर्धा तास आधी उठायचे.

लिपिक : आणि पावसाळ्यात कुर्ला आणि शीव यांच्यामध्ये रुळांवर पाणी भरते, तेव्हा?

अव्वल कारकून : तेव्हा लोकल बंद पडते, हे मान्य. पण ती साहेबांचीही बंद पडते, त्यामुळे त्या दिवशी उशीर माफ होतो. घाटातली कोंडी मात्र ज्याची त्यालाच भोगावी लागते. तीन लेट मार्कांना एक नैमित्तिक रजा कापणाऱ्या कार्यालयात ट्रेलरचा फोटो पुरावा म्हणून चालत नाही. बिबट्याची रजा कोणी कापत नाही.

लिपिक : पुरे झाला तो बिबट्या! थकव्याचे बोला. बोरिवलीला सकाळी डब्यात शिरणे म्हणजे काय, हे तुमच्या पिढीला शौर्य वाटते. उभे राहून आयुष्य काढल्याचे तुम्हाला भूषण आहे. बसमध्ये पहिल्या थांब्यावर चढले की खिडकी मिळते, आणि दीड तास कोणाचे कोपर बरगडीत न घेता बसता येते. घरी दीड खोलीत पाच माणसे असलेल्याला तो दीड तास म्हणजे काय असतो, ते पासाच्या हिशेबात कोठे लिहिता?

यावर अव्वल कारकून थोडा वेळ गप्प राहिला, कारण हा मुद्दा खरा होता. पण हरणे त्याच्या स्वभावात नसल्याने त्याने उत्तर दिलेच.

अव्वल कारकून : उभे राहणे दादरपर्यंतच असते. सकाळी मध्य रेल्वेची गर्दी शहराकडे येत असते, आणि दादरहून ठाण्याकडे जाणाऱ्या डाऊन, म्हणजे शहरापासून दूर जाणाऱ्या, धीम्या गाडीत बहुधा जागा मिळते. घाटकोपर गेले की निवांत पेपर वाचावा, मुलुंड आले की घडी घालावी. संध्याकाळी हाच क्रम उलटा. अर्धा प्रवास उभ्याने, अर्धा बसून. बसमध्ये सगळाच प्रवास बसून, पण घोडबंदर रस्त्याच्या खड्ड्यांवरून, आणि ब्रेक लागला की डोके पुढच्या दांडीवर. त्याला विश्रांती म्हणायचे असेल तर म्हणावे.

लिपिक : मग अंधेरीला उतरून मेट्रोने घाटकोपर गाठावे, दादर टळते.

अव्वल कारकून : वेळ वाचतो, यात शंका नाही. पण रेल्वेचे पास दोन होतात, एक अंधेरीपर्यंतचा आणि एक घाटकोपरहून पुढचा, आणि मेट्रोचे भाडे एकटेच महिन्याला त्या दोघांना मागे टाकते.

लिपिक : मागाठाण्यापासून ठाण्याच्या टिकुजिनीवाडीपर्यंत जोडबोगद्याचा मार्ग होणार आहे, जोडरस्ते धरून 11.8 किलोमीटरांचा, थेट उद्यानाखालून. जुलै 2024 मध्ये भूमिपूजन झाले आहे. मग बस जिंकेल.

अव्वल कारकून : जिंकेल, आणि त्या दिवशी रेल्वेचा पास परत करण्यात कमीपणा वाटणार नाही. पण भूमिपूजनावर सही करता येत नाही.

लिपिक : तुम्हाला बस आवडत नाही, एवढेच खरे. बाकीचे सगळे आकडे त्यासाठी गोळा केलेले आहेत.

अव्वल कारकून : आणि तुम्हाला झोप आवडते, त्याबद्दल तक्रार नाही, पण तिला वाहतुकीचा निकष म्हणू नका.

लिपिकाने यावर उत्तर दिले नाही आणि दुसऱ्या दिवशी तो बसनेच गेला. ज्यांना त्याच्याप्रमाणे खिडकी सोडवत नाही, त्यांनी निदान मासिक पास काढू नये, एसटीचा त्रैमासिक काढावा: त्यात 50 दिवसांचे भाडे भरून 90 दिवस प्रवास करता येतो, आणि पाच दिवसांच्या आठवड्यातही तीन महिन्यांत कामाचे दिवस सुट्ट्या वजा जाता साठाच्या आसपास भरतात.