गाइडला विषयबदलाचे पत्र कसे लिहावे

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी दिल्लीतल्या शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपला विषय चुकल्याचा साक्षात्कार होतो. त्यात शास्त्रीयदृष्ट्या नवे काही नाही. नवे असते ते गाइडला लिहायचे पत्र, आणि बहुतेक पत्रे पहिल्याच वाक्यात आपटतात, कारण तिथे ‘मला आता शिक्षकांच्या स्वास्थ्यावर काम करायची मनापासून इच्छा आहे’ असे लिहिलेले असते. इच्छा ही गाइडच्या दृष्टीने तारखा पुढे ढकलण्याची सभ्य पद्धत असते. २०२२च्या यूजीसी नियमांनुसार प्रवेशापासून सहा वर्षांत प्रबंध द्यायचा आहे. त्यापुढची दोन वर्षे पुनर्नोंदणीची, म्हणजे उपकाराची. शिवाय दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहायचे असते आणि तिथे विद्यार्थ्याच्या शेजारी गाइडही बसलेले असतात. तेव्हा पत्राचे काम एवढेच, की त्या बैठकीत गाइडला बोलायला तयार वाक्य हाती द्यायचे. भावना असतील तर त्या आभारप्रदर्शनाच्या पानासाठी राखून ठेवाव्यात.

उदाहरणादाखल दिल्लीत सहज सुचणारा विषय घेऊ: ‘हॅपिनेस करिक्युलमचा सहावी ते आठवीच्या मुलांवर परिणाम’. जुलै २०१८मध्ये दलाई लामांच्या उपस्थितीत दिल्ली सरकारने हा अभ्यासक्रम सुरू केला. नर्सरी ते आठवीच्या मुलांना सरकारी शाळांत आनंदाचा तास, पहिलीपासून पुढे रोज. फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीत सत्तांतर झाले आणि आधीच्या सरकारची ओळख बनलेला तो तास पुढच्या वर्षी कसा भरेल, हे संशोधकाच्या हातात उरले नाही. विषय बदलण्याचे हे अस्सल कारण आहे, आणि ते पत्रात एका वाक्यात, कोणत्याही पक्षाला दोष न देता लिहावे. दुसरे वाक्य जास्त महत्त्वाचे: तो तास घेणारा शिक्षक सरकार बदलले तरी त्याच वर्गात उभा असतो. आधीचे संदर्भवाचन आणि शाळांशी जमलेली ओळख त्यामुळे वाया जात नाही. किती प्रकरणे टिकतात आणि किती टाकावी लागतात, हे पत्रात खरेखरे सांगावे. ‘सगळेच टिकते’ असे लिहिणाऱ्यावर गाइड विश्वास ठेवत नाहीत, आणि बरोबर करतात.

खरी घसरगुंडी यापुढे आहे. ‘शिक्षकांचे स्वास्थ्य’ हे फार तर परिसंवादाचे शीर्षक होते, प्रबंधाचा विषय होत नाही. त्यात पगार, बदली, वर्गातली गर्दी, मुख्याध्यापक आणि मेट्रोचा प्रवास सगळे मावते, म्हणून हाती काहीच लागत नाही. पत्रात प्रश्न एकच हवा आणि दिल्लीत तो अशैक्षणिक कामांतून निघतो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ म्हणते, की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामाला जुंपू नये. डिसेंबर २००७मध्ये दिल्लीतल्याच एका शाळेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मतदारयादी आणि निवडणुकीचे काम सुटीच्या व न शिकवण्याच्या दिवशी द्यावे, शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नये. निर्णय रास्तच होता. त्याने मुलांचे तास वाचवले. पण काम कमी झाले नाही, ते शिक्षकाच्या रविवारी सरकले. म्हणजे बुडालेले तास मोजणारा अभ्यास नेमकी जी गोष्ट पाहायची तीच चुकवेल. मोजायच्या त्या गेलेल्या सुट्या. ‘ज्या पंधरवड्यात सुट्या ड्युटीत जातात, त्या पंधरवड्यात शिक्षकाची मनःस्थिती उतरते का?’ एवढा प्रश्न पत्रात असावा. गाइडने तो चहाच्या टेबलावर सहकाऱ्याला सांगून पाहिला आणि सहकाऱ्याला समजला, तर अर्धी मंजुरी झाली.

आता मोजमाप. इथे विद्यार्थी ‘मासलॅक बर्नआउट इन्व्हेंटरी’चे नाव आदराने घेतात, शिक्षकांसाठी तिची वेगळी आवृत्ती आहे, प्रश्न २२ आहेत आणि वापरायला पैसे भरून परवानगी लागते. त्यापेक्षा डब्ल्यूएचओ-५ साधी: पाच विधाने, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरजेला चाराने गुणले की शंभरपैकी आकडा. तिचा प्रश्न मागच्या दोन आठवड्यांचा असतो, म्हणूनच ती इथे बसते. त्याच दोन आठवड्यांतल्या ड्युटीची नोंद शिक्षकाकडून शेजारी घेता येते. मात्र त्याच शिक्षकाला दोनदा विचारावे लागेल, ड्युटीच्या पंधरवड्यात आणि बिनड्युटीच्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात विचारले तर उन्हाळी सुटीचा थंडावा मोजला जाईल, मार्चमध्ये परीक्षेचा ताप. नोव्हेंबरात हवा बिघडली की वर्ग ऑनलाइन जातात आणि संशोधक घरी बसतो. वेळापत्रकात ही विघ्ने आधीच लिहिली, तर एनसीआरमध्ये राहूनही संशोधन करता येते यावर समितीचा थोडा विश्वास बसतो.

आक्षेप येणारच. पहिला: ‘हे मानसशास्त्र झाले, शिक्षणशास्त्र कुठे आहे?’ उत्तर असे, की इथे तपासायची आहे ती शिक्षकाचा वेळ वाटणारी व्यवस्था. मनःस्थिती हे तिचे माप. दुसरा आक्षेप प्रामाणिक आणि जड आहे: शिक्षक खरे लिहितील का? शिक्षण संचालनालयाची परवानगी घ्यावी लागते, शाळेत पोहोचताच कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर जातो, आणि गोपनीय अहवालही तिथूनच लिहिला जातो. स्टाफरूममध्ये जमवून भरून घेतलेल्या फॉर्मांत सगळे आनंदी निघाले, तर तो निष्कर्ष मुख्याध्यापकांबद्दलचा समजावा. म्हणून फॉर्म शाळेबाहेर भरून बंद पाकिटात यावा. नावाऐवजी शिक्षकाने स्वतःच बनवलेला संकेत असावा, जसे आईच्या नावाचे पहिले अक्षर आणि जन्माची तारीख, म्हणजे दोन फेऱ्यांचे फॉर्म जुळतील पण माणूस ओळखू येणार नाही. याची किंमतही पत्रात सांगावी: कोणाचा आकडा फार खाली आला तर तो कोण हे संशोधकाला कळणार नाही. पन्नासच्या खालचा आकडा म्हणजे आजाराचे निदान नव्हे, पुढे विचारपूस करावी एवढाच इशारा; तरी प्रत्येक पाकिटात टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापून जावा. तिसरा आक्षेप कोणी लिहून देत नाही, पण असतो: ‘शिक्षक काय, तक्रार करतातच.’ याला उत्तर देऊ नये. दोन फेऱ्यांची आखणी त्यासाठीच आहे. नेहमी कुरकुरणारा माणूस दोन्ही वेळा सारखाच कुरकुरेल आणि वजाबाकीत निघून जाईल.

एक मर्यादा मात्र स्वतःहून कबूल करावी. ड्युटीच्या पंधरवड्यात आकडा उतरला, तरी तो ड्युटीमुळेच उतरला असे सिद्ध होत नाही. त्याच दिवसांत घरात लग्न किंवा आजारपणही असू शकते. ‘संबंध आढळला’ इथपर्यंतच जाऊ, असे लिहिणारा विद्यार्थी गाइडला म्हातारपणीची काठी वाटतो.

राहिला मजकूर. ‘आदरणीय मॅडम, शाळांमधली योजना अनिश्चित झाल्यामुळे मूळ प्रश्नाची विदा पूर्ण मिळणार नाही. त्याच शाळांमधल्या शिक्षकांच्या गेलेल्या सुट्या आणि मनःस्थिती यांचा संबंध तपासण्याचा प्रस्ताव सोबतच्या दोन पानांत आहे. आधीची दोन प्रकरणे टिकतात, एक टाकावे लागते. आपली संमती असेल तर विभागीय संशोधन समितीसाठी मसुदा तयार करतो.’ पुरे. ‘आपला आज्ञाधारक’ ऐच्छिक. पत्र रात्री अडीचला लिहिले तरी सकाळी दहाला पाठवावे, आणि उत्तरपत्रिका तपासणीच्या आठवड्यात तर पाठवूच नये. पाठवलेच, तर निदान प्रश्नावली सोबत जोडू नये. त्या आठवड्यात मॅडम ती भरूनच परत पाठवतील, आणि गाइडला नमुन्यात धरता येत नाही.