गुपित फोडावं, सांगू नये

साहित्य : एक मोबाइल, तो उभा टेकवायला पिठाचा डबा, एक माणूस आणि त्याने दडवलेली एक गोष्ट. एकपात्री व्हिडिओची वेळ : दीड मिनिट. दीड मिनिटात माणूस थांबत, श्वास घेत, इकडेतिकडे बघत जेमतेम दीडशे शब्द बोलतो. पात्राचं बालपण समजून घेतल्याशिवाय ज्यांची लेखणी चालत नाही, त्यांनी कादंबरीकडे वळावं. आम्ही अडवणार नाही.

आधी एक पथ्य. ‘आज मी तुम्हाला अशी गोष्ट सांगणार आहे, जी आजवर कुणालाच सांगितली नाही’ हे वाक्य लिहिलं असेल तर खोडावं. त्यामागे पियानो लावला असेल तर तोही काढावा. काही दडवून बसलेली माणसं असं बोलत नाहीत. ती भलत्याच कामाबद्दल बोलत असतात, आणि गुपित त्या कामाच्या फटीतून गळतं. म्हणून पात्राच्या हाताला काम द्यावं आणि समोर ऐकणारं कुणीतरी असावं. ते दिसलं नाही तरी चालतं.

ही युक्ती आमची नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. रॉबर्ट ब्राउनिंगच्या ‘माय लास्ट डचेस’ या १८४२ च्या कवितेत एक सरदार पाहुण्याला मृत बायकोचं चित्र दाखवतो. त्या चित्रावरचा पडदा फक्त तोच सरकवतो, आणि ती कुणाकडेही बघून हसायची ही त्याची तक्रार आहे. बायकोला मारवलं असं तो कुठेही सरळ म्हणत नाही, पण पाहुणा दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला आलेला आहे हे कळतं तेव्हा वाचकाच्या अंगावर काटा येतो. ब्राउनिंगच्या अशा कवितांवरूनच शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे आपले दिवाकर, यांनी १९११ पासून मराठीत नाट्यछटा लिहिल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनांत आपण त्या हातवारे करून इतक्या म्हटल्या, की एकच माणूस बोलतो आणि दुसरा आपल्याला अंदाजाने कळतो ही त्यातली गंमत हातवाऱ्यांतच गेली.

आता गुपित निवडणे. खून, अनैतिक संबंध आणि दत्तक मूल हे बाजारात तयार मिळतात, घेऊ नयेत. आम्ही हे घेतलं : डबे करून देणाऱ्या एका काकूंना कोविडनंतर वास येत नाही, आणि डबे बंद पडतील म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या खर्ड्यात काकू मीठ चमच्याने मोजून घालत होत्या आणि ‘मीठ बरोबर आहे ना?’ असं विचारत होत्या. आम्ही स्वतःवर खूष होतो. सोसायटीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो वाचून विचारलं, ‘‘यांची जीभही गेली का?’’ खारट, आंबट, गोड, कडू हे जिभेला कळतं. नाक गेलं की हिंग, फोडणी, आलं-लसूण, करपलेलं यांतला फरक जातो. म्हणजे आमचा तपशील ठसठशीत होता, पण दुसऱ्याच गुपिताचा. इथे नवशिक्या हटकून घसरतो. तपशील बारीक असून भागत नाही. तो त्याच एका कुलपाला लागायला हवा. म्हणून आम्ही कागदावर एकच प्रश्न लिहिला : वास येत नसलेली बाई स्वयंपाकघरात कशाला घाबरेल? पहिलं उत्तर आलं, गॅस.

दुसरा खर्डा असा झाला. कामाला लागलेल्या नव्या मुलीशी काकू बोलत आहेत :

‘‘ये गं. चप्पल तिकडे. आधी त्या वाटीतलं साबणाचं पाणी नळीला लाव. रेग्युलेटरपाशीपण. बुडबुडे नाहीत ना? मग पेटव. हे रोज करायचं, विसरायचं नाही. आता मोहरी. मोहरी टाकली की बोलायचं नाही. ऐक... थांबली तडतड? टाक हिंग. त्या डबीवर तारीख लिहिलीय बघ, महिना झाला की नवी फोडायची. अगं, उघडून काय बघतेस, तारीख बघ! दूध आधी पळीभर तापवून घे, मग चहात. बंड्या आला वाटतं डबे न्यायला. ये रे, झाकण काढ. कसा येतोय? ‘मस्त’ नको, काय काय येतंय ते सांग. आणि लागलेलं? खाली लागल्याचा नाही ना येत? नीट बघ. हं. ने मग. ...आज मोगरा माळलास होय? छान दिसतोय.’’

शंभरच्या आसपास शब्द झाले. उरलेला वेळ मोहरीला आणि बंड्याच्या नाकाला लागतो.

क्रम मुद्दाम असा आहे. साबणाचं पाणी ही नुसती काळजी वाटते. अशा काळजीच्या बायका घरोघरी असतात. हिंगाच्या डबीवरची तारीख जरा विचित्र वाटते. बंड्याला डबा हुंगायला लावला की प्रेक्षकाला संशय येतो. आणि मोगरा ‘दिसतो’ म्हटल्यावर तो मागे जाऊन साबणाचं पाणी पुन्हा बघतो. मोगरा वर घेतला तर खालचं सगळं पुरावा होऊन बसेल, आणि प्रेक्षक बाईकडे न बघता पुरावे मोजत बसेल.

नंतर कात्री. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘खरं तर’ आणि ‘तेव्हापासून’ हे शब्द शोधावेत. ज्या वाक्यात ते सापडतील, तिथे पात्र गप्प बसलेलं असतं आणि लेखक बोलत असतो. आमच्याकडे ‘तेव्हापासून मी तारीख लिहून ठेवते’ असं वाक्य होतं. ते फारच आवडतं होतं. काढलं. मागच्या भिंतीवर २०२१ चं कॅलेंडर लावायची कल्पनाही काढली; ते म्हणजे भिंतीकडून बोलवून घेणं झालं.

चाचणी तीन माणसांवर करावी, वेगवेगळ्या खोल्यांत. ‘आवडलं का?’ विचारू नये. सगळे हो म्हणतात. ‘ही बाई काय लपवतेय?’ एवढंच विचारावं, आणि कुठे कळलं तेही विचारावं. तिघांनाही साबणाच्या पाण्यापाशीच कळलं तर सुरुवात भोळी करावी. कुणालाच कळलं नाही तर तपशील वाढवू नयेत, असलेल्यांपैकी एक बदलावा. आमच्या वेळी एकाला बंड्यापाशी कळलं आणि एकीला मोगऱ्यापाशी. तिसरे आमचे मेहुणे. त्यांच्या मते काकू चहाचा खर्च लपवत आहेत. तिघांपैकी एक मेहुणा धरून चालावा.

चित्रीकरणाबद्दल थोडंच. वस्तूचा उल्लेख होण्याआधी ती चौकटीत दिसलेली असावी, म्हणजे वाटी आणि डबी सुरुवातीपासून ओट्यावर हव्यात. पंखा बंद ठेवावा, नाहीतर मोहरी ऐकू येणार नाही, आणि इथे तर मोहरी हेच पात्र आहे. शेवटचं वाक्य कॅमेऱ्याकडे बघून म्हणू नये. डब्याचं झाकण लावता लावता म्हणावं.

काकूंचं काम शेजारच्या मावशींनी केलं. मावशी उत्तम बोलल्या, फक्त शेवटी ‘छान दिसतोय’ म्हणताना दर वेळी वाकून गजरा हुंगायच्या. चार टेक गेले. पाचव्याला आम्ही प्लास्टिकचा गजरा आणला. मावशींनी तो हुंगला, आणि म्हणाल्या, ‘‘अय्या, याला वासच नाही की!’’