मातापितरांस विवाहदिनाच्या शुभेच्छा देण्याची रीत
(सज्ञान अपत्यांच्या उपयोगार्थ)

ज्यांच्या नावे स्वतंत्र शिधापत्रिका निघाली आहे, ज्यांच्या कानशिलांवर पांढरे केस दिसू लागले आहेत आणि ज्यांना कचेरीत चार माणसे 'साहेब' अथवा 'मॅडम' म्हणून हाक मारतात, अशा प्रौढ अपत्यांच्या हातून वर्षातून एकदा एक हमखास गुन्हा घडतो. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवशी ती त्यांना शुभेच्छा देण्याऐवजी मानपत्र अर्पण करतात. मानपत्र ही वस्तू स्वस्थानी आदरणीयच आहे. नगरपालिकेने मावळत्या अध्यक्षांस ते द्यावे, सभागृहात मोठ्याने वाचून दाखवावे आणि काचेच्या चौकटीत बसवून घरी पाठवावे. परंतु ज्या गृहस्थांनी आपणास शाळेच्या फाटकापर्यंत कान धरून पोचविले, त्यांस 'आपल्या कर्तृत्वाच्या वटवृक्षाखाली' असे काही लिहून पाठविले असता ते चष्मा काढून पुसतात आणि पत्नीस विचारतात, "याला पैसे वगैरे हवेत का?"

या दोषाची परीक्षा सोपी आहे. लिहिलेल्या मजकुरातून आईवडिलांना काढून त्या जागी एखादे सेवानिवृत्त मुख्याध्यापक बसवावेत. मजकूर एका अक्षराचाही फेरफार न करता त्यांस लागू पडला, तर तो बेलाशक रद्द करावा. 'संस्कारांची शिदोरी', 'अखंड तेवणारी समई', 'न फिटणारे ऋण' ही त्रयी या परीक्षेत हटकून नापास होते. रोगाचे मूळ मात्र शब्दांत नसून श्रोत्यांत आहे. मजकूर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर चढविण्याचे एकदा मनात आले की लिहिणारा आईवडिलांशी बोलेनासा होतो आणि समोर बसलेल्या आत्या, मावशा व इंदूरचे चुलत मामा यांना उद्देशून सभा गाजवू लागतो. म्हणून पहिला नियम हा, की शुभेच्छांच्या वाचकांची संख्या दोन असावी. समूहावर पाहिजे तर नुसता नमस्कार टाकावा. आत्यांचे तेवढ्याने भागते.

दुसरे काम दिवस मुक्रर करण्याचे. हे वाटते तितके सरळ नाही. कारण पुष्कळ घरांत वडील इंग्रजी तारीख धरतात आणि आई तिथी, आणि चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे असल्यामुळे तिथी दरवर्षी मागे सरकते, मग अधिक मास पडला की एकदम पुढे उडी घेते. एकोणीस वर्षांनी दोहोंचा मेळ एखाद्या दिवसाच्या फरकाने पुन्हा बसतो. म्हणजे एकोणिसावा व अडतिसावा वाढदिवस हेच काय ते निर्विवाद. इतर वर्षी तारखेला वडिलांच्या आणि तिथीला आईच्या फोनवर, असा दोनदा नमस्कार करावा. दोघांपैकी कोणीही 'आज कुठे आहे?' म्हटले, तर वाद घालू नये. ट्रंकेच्या तळाशी लग्नपत्रिका सापडल्यास मिती तीवरून पडताळून घ्यावी.

आता मसुदा. समजा, वडील साताऱ्याचे, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले; आई माहेरची इस्लामपूरची; मुलगा नागपुरास, आणि वाढदिवस वर सांगितलेला निर्विवाद अडतिसावा. मुलाचा पहिला मसुदा येणेप्रमाणे उतरतो: 'तीर्थरूप आईबाबा, आपल्या आदर्श सहजीवनास अडतीस वर्षे पूर्ण होत असल्याच्या या मंगलप्रसंगी आपल्या त्यागाची आणि कष्टांची कृतज्ञतापूर्वक आठवण होऊन ऊर भरून येतो.' यात खोटे असे काही नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. कोणत्याही आईबापांविषयी ते तितकेच खरे आहे. शिवाय जन्मभर जिला 'ए आई' म्हटले तिला या एकाच दिवशी 'आपल्या' म्हटले की तिला आपण परक्या दारात उभ्या आहोत असे वाटू लागते. 'तुम्ही दोघं' म्हणावे. त्यात बाबांचे 'अहो' सांभाळले जाते आणि आईचे 'ए' बिघडत नाही.

प्रथम विशेषणे खोडावीत, मग त्याग व कष्ट खोडावेत. ज्यांनी ते केले त्यांना त्यांची यादी पाठ आहे, आणि तपशिलाची चूक निघाल्यास ती आई तत्काळ दाखवील. उरलेल्या कोऱ्या जागेत त्या घरातच घडू शकेल अशी एकच गोष्ट ठेवावी. ती शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. दोघांत इतकी वर्षे कोणता वाद चालू आहे, एवढे आठवावे. प्रस्तुत घरातील दावा असा आहे, की लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची एस. टी. इस्लामपुरास दीड तास उशिरा पोचली, मुहूर्त टळता टळता राहिला, आणि या विलंबाचे कारण वडिलांच्या जबानीप्रमाणे उंब्रजला फुटलेला टायर, तर आईच्या जबानीप्रमाणे कराडला वरपक्षाने खाल्लेली मिसळ. साक्षीदारांपैकी काही फितूर झाले, काही दिवंगत झाले, आणि ड्रायव्हरचा पत्ता लागत नाही. तेव्हा दुरुस्त मसुदा असा:

'आई, बाबा, लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा! टायर उंब्रजला फुटला की मिसळ कराडला खाल्ली, याचा निकाल अडतीस वर्षांत लागला नाही. अजून तितकीच वर्षं लागू नये.'

यात 'प्रेम' हा शब्द नाही. दीर्घायुष्याची इच्छा आहे, पण ती तारीख पुढे ढकलण्याच्या अर्जाच्या रूपाने. मात्र वाद निवडताना खबरदारी घ्यावी. ज्याची सांगता अद्याप हसण्यात होते तोच घ्यावा. मानपान, दागिने, आणि कोणाच्या बहिणीस कोणी काय म्हटले, ही प्रकरणे सीलबंद राहू द्यावीत. शंका वाटल्यास मागील गणपतीत तो विषय निघाला तेव्हा आई स्वयंपाकघरात उठून गेली होती की जागीच बसून होती, हे बहिणीस विचारून घ्यावे.

मजकूर लिहून पाठविण्यापेक्षा फोनवर बोलून दाखवावा. वेळ सकाळची, परंतु वडिलांचे वर्तमानपत्र आणि आईची पूजा आटोपल्यानंतरची असावी. ध्वनिक्षेपक चालू करावयास सांगून दोघांना एकाच फोनपाशी बसवावे. तीन वाक्ये संपताच थांबावे. पुष्कळ मुले येथेच घसरतात. पलीकडे क्षणभर शांतता झाली की घाबरून 'म्हणजे खरं सांगायचं तर तुम्ही आमच्यासाठी...' असे सुरू करतात आणि हाकलून दिलेले मानपत्र मागच्या दाराने पुन्हा घरात येते. ती शांतता वडील घसा साफ करीत असल्याची असते. त्यानंतर ते "टायरच" म्हणतील, आई "मिसळ, आणि वर भजी" म्हणेल, आणि भजीचा पुरावा इतक्या वर्षांत प्रथमच दाखल होत असल्याकारणाने कामकाज लांबेल. या वेळी मुलाने कोणाचीही बाजू घेऊ नये, सुनेने 'हो का' एवढेच म्हणावे, आणि कराडच्या मिसळीविषयी स्वतःचे मत असलेल्या जावयास त्या दिवशी फोनपासून दूर ठेवावे.